आजी गेली तेव्हाची मुलं

आमच्या वाईच्या घरात मुलांसमोर 'मेलं' हा शब्द कुणी उच्चारत नसे. म्हातारं माणूस 'गेलं', तरणं 'दगावलं', आणि मुलांनी अगदी पिच्छाच पुरवला तर सगळेच 'देवाघरी गेले'. 1984 च्या जानेवारीत, संक्रांतीचे तिळगूळ अजून डब्यात होते तेव्हा, आजीही देवाघरी गेली. घरात आम्ही पाच नातवंडं होतो. दादा दहा वर्षांचा, ताई नऊची, मी सातची, माझ्या पाठचा मधला सहाचा आणि माझ्या काकांचा, म्हणजे अण्णांचा, धाकटा चारचा. आम्ही सख्खे-चुलत असा भेद कधी केला नाही. आजीच्या अंथरुणात कुणी कुठल्या बाजूला झोपायचं, एवढाच काय तो आमच्यात वाद असे.

ती पहाट आम्हाला पाचही जणांना आठवते, पण प्रत्येकाला वेगळी. आता आम्ही जमलो की रात्री जेवणं झाल्यावर कधीतरी विषय तिथे जातोच. मग एकमेकांच्या आठवणी जोडून ते तेरा दिवस पुन्हा उभे राहतात. मोठी माणसं त्या दिवसांत काय करत होती ते आम्हाला पुढे कळलं. आम्ही मुलं काय समजत होतो, हे मात्र मोठ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आम्हाला उठवून थेट शेजारच्या काकूंकडे नेलं. काकूंनी दूध दिलं, पत्ते दिले, आणि 'खेळा हं शहाण्यासारखे' म्हणून दार लोटून घेतलं. त्यांच्या माडीच्या गॅलरीतून आमचं अंगण दिसायचं. बांबू आले, गोवऱ्या आल्या, मडकं आलं. अण्णांनी केस उतरवलेले पाहून मधला हसला, कारण त्याला ते ओळखूच आले नाहीत. मग आतून आत्याचा रडण्याचा आवाज आला. कुणा मोठ्या माणसाला असं रडताना आम्ही तोवर ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त भीती वाटली ती त्या आवाजाची. आजी गेली म्हणजे काय झालं हे मला समजत नव्हतं, पण मोठ्यांच्या हातातून काहीतरी निसटलंय, हे सात वर्षांच्या पोरीला नक्की समजलं होतं. आणि त्याबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं.

संध्याकाळी घरी परतलो. चूल पेटलेली नव्हती, शेजारून पिठलं-भाकरी आली होती. आजी जिथे असायची तिथे जमिनीवर पीठ पसरून त्यावर पणती ठेवली होती आणि वर दुरडी झाकली होती. दुरडी काढल्यावर पिठात पाऊल उमटलेलं दिसतं आणि माणूस पुढच्या जन्मी कोण झालं ते कळतं, असं कुणीतरी बोलताना मधल्यानं ऐकलं. तो रात्रभर त्या दुरडीकडे तोंड करून जागा होता. त्याला आजी चिमणीच्या पायांनी यायला हवी होती.

धाकट्याचं कोडं मात्र वेगळंच होतं. आजी देवाघरी गेली, असं त्याला माईनं, म्हणजे त्याच्या आईनं, मांडीवर घेऊन सांगितलं होतं. आता देवाचं घर म्हणजे देवघर, आणि ते तर माजघराच्या कोपऱ्यातच होतं! सुतकामुळे देवपूजा बंद होती आणि देवघराला पडदा ओढून ठेवला होता. त्यामुळे त्याची खात्रीच पटली की आजी आत आहे आणि आपल्याला भेटू देत नाहीत. तो पडद्याशी जाऊन बसे, हळूच हाका मारी. कुणी हात धरून उठवलं की आकांत करी. मोठ्यांना वाटलं, पोर आजीच्या आठवणीनं कासावीस झालंय. ते खरंच होतं. पण त्याहून खरं हे होतं की तो तिची वाट पाहत होता. तेरावा झाला, पडदा सरकला, आत नेहमीचे देव होते. 'त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, ही सगळी माझ्याशी खोटं बोलतायत,' असं तो पस्तिशीत असताना म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज जड झाला.

मधल्याला कुणीतरी सांगितलं, चांगली माणसं देवाला फार आवडतात, म्हणून तो त्यांना लवकर बोलावून घेतो. त्यानंतर आमचा हा गरीब मुलगा महिनाभर ओळखू येत नव्हता. ताट लोटून दे, पाटी फोड, मास्तरांना उलट बोल. घरच्यांनी त्याला रागावून पाहिलं, मारून पाहिलं. त्याचा हिशेब सरळ होता: चांगलं वागलं की मरायचं. ताईला तर 'तू मोठी आहेस ना, रडायचं नाही, धाकट्यांकडे बघ' असं सांगून टाकलं होतं. नऊ वर्षांच्या त्या मुलीनं ते इतकं मनावर घेतलं की ती आजीसाठी रडली ती थेट कॉलेजात गेल्यावर, आणि तेही वसतिगृहात कुणाच्या तरी आजीनं पाठवलेला लाडवाचा डबा उघडल्यावर.

पण दादाची गोष्ट आम्हाला सर्वांत उशिरा कळली. आजी जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं तिची पानाची चंची लपवून ठेवली होती. ती शोधत होती, तो हसत होता. मग ती चिडून म्हणाली, 'मी मेल्यावर कळेल तुला.' दुसऱ्या पहाटे ती गेली. दादानं ती चंची माळ्यावर जुन्या कंदिलात कोंबली आणि कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. पस्तीस वर्षांनी अण्णा गेले, त्यांच्या दिवसांत आम्ही सगळे वाईत होतो, तेव्हा पंचेचाळिशीचा हा माणूस, दोन मुलांचा बाप, खाली मान घालून हे सांगत होता. आपल्यामुळे आजी गेली असं त्याला वाटलं होतं. पुढे अक्कल आल्यावर तसं वाटायचं थांबलं, पण पोटातला गोळा राहिलाच.

ताई पुढे मानसशास्त्र शिकली आणि पुण्यात शाळेत मुलांची समुपदेशक म्हणून काम करू लागली. तिनं आम्हाला आमचीच गोष्ट समजावून सांगितली. मृत्यू समजायचा म्हणजे मुलाला तीन गोष्टी उमगाव्या लागतात. मेलेलं माणूस परत येत नाही. त्याच्या शरीराचं सगळं काम थांबतं, म्हणजे भूक, थंडी, दुखणं, विचार, सगळंच. आणि हे प्रत्येक जिवाला कधी ना कधी होतं. बहुतेक मुलांना या गोष्टी पाच ते सात वर्षांच्या दरम्यान एकेक करून उमगू लागतात. त्याआधी मरण म्हणजे लांब जाणं किंवा झोपणं. मारिया नॅगी नावाच्या बाईंनी बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी बोलून सगळ्यांत लहानांचं हेच समजणं टिपून ठेवलं होतं, आणि त्यांचा तो अभ्यास 1948 मध्ये छापून आला. म्हणजे आमच्या आजीच्या मरणाआधी कितीतरी वर्षं हे माहीत होतं, पण वाईच्या आमच्या माजघरापर्यंत ते पोचलेलं नव्हतं. आमच्या माणसांच्या मायेत तसूभरही कमी नव्हती. मुलाला दुखू नये म्हणून त्यांनी खरी गोष्ट बाजूला ठेवली. ती जागा रिकामी राहिली आणि प्रत्येक पोरानं ती आपापल्या वयाच्या बुद्धीनं भरून काढली.

शेवटच्या तीन-चार वर्षांत अण्णा थकत गेले. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला. साताऱ्याच्या दवाखान्यात आठवडाभर होते, वय ऐंशीला टेकलेलं. महिनाअखेरीस एका पहाटे तिथून फोन आला. धाकटा, तोच देवघराच्या पडद्याशी बसणारा, आता स्वतः दोन मुलांचा बाप होता. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चारची. दोघंही आजोबांच्या खोलीतच वाढलेली.

ताई आदल्या रात्रीच पुण्याहून आली होती. फोन ठेवल्यावर धाकट्यानं तिला पहिलं हेच विचारलं, मुलांना काय सांगू? माई तिथेच बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. त्या म्हणाल्या, 'देवाघरी गेले म्हणून सांग रे. एवढ्याशा जिवांना आणखी काय सांगायचं?' त्यावर ताईनं जे सांगितलं ते मला या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. ती म्हणाली, 'माई, देवाघरी गेले हे सांगायचंच आहे. पण आधी शरीराचं काय झालं ते सांगू दे, मग देवाचं. क्रम उलटा झाला की मुलं देवघरात शोधत बसतात.' धाकट्यानं मान खाली घातली. माईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

घर माणसांनी भरण्याआधी सांगायचं होतं, कारण एकदा दारात चपलांचा ढीग लागला की मुलांना बातमी कुणाच्या तरी हुंदक्यातून कळते. सांगायचं आई-बापांनीच. मुलं उठली, तोंडं धुतली, दूध प्यायली. मग चौघं पलंगावर बसले. मी दारात उभी होते, त्यामुळे ते शब्द मला जवळजवळ जसेच्या तसे आठवतात.

'आपल्याला एक फार वाईट बातमी आली आहे,' धाकटा म्हणाला, आणि एक क्षण थांबला. 'आज पहाटे आजोबा मेले. ते खूप म्हातारे होते आणि त्यांच्या फुप्फुसांना फार मोठा आजार झाला होता. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण त्यांचं शरीर चालायचं थांबलं. त्यांचं हृदय थांबलं, श्वास थांबला. आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. ते परत येणार नाहीत.' मग त्यानं दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या. एक, आपल्याला सर्दी-खोकला-ताप होतो तो हा आजार नव्हे, तो औषधानं बरा होतो. आणि दुसरी, 'तुम्ही काही बोललात, भांडलात, त्यांचं ऐकलं नाही, म्हणून हे झालेलं नाही. कुणाच्या बोलण्यानं किंवा मनात आणल्यानं माणूस मरत नाही.' पलीकडे भिंतीला टेकून दादा उभा होता. तो निघून परसात गेला.

मुलगा गप्प बसला. चार वर्षांची म्हणाली, 'बरं. मग मला आज खिचडी देणार का?' आणि उतरून खेळण्यांकडे पळाली.

हे पाहून पाहुण्यांपैकी कुणी म्हणालं असतं, लहान आहे, तिला काय कळतंय. पण मुलांचं दुःख असंच असतं, ताई म्हणते. पावसाळ्यात रस्त्यानं चालताना मूल डबक्यात उडी मारतं आणि लगेच बाहेर येऊन पुढे पळतं, तसं. दहा मिनिटं रडेल, मग पतंग मागेल, रात्री झोपताना पुन्हा रडेल. मोठ्यांसारखं दिवसभर दुःखात बसून राहणं त्यांना झेपत नाही. म्हणून खेळणाऱ्या मुलाला 'आजोबा गेलेत आणि तू खेळतोस?' असं म्हणायचं नाही, आणि त्याला काही वाटत नाही असंही समजायचं नाही.

आठ वर्षांच्या मुलाचा प्रश्न तासाभरानं आला: 'जाळताना त्यांना भाजेल ना?' त्याच्या आईनं ओट्याशी उभ्या-उभ्याच, पण त्याच्याकडे तोंड करून उत्तर दिलं, की भाजल्याचं दुखणं मेंदूला कळतं, आणि आजोबांचा मेंदू आता काम करत नाही. म्हणून त्यांना काहीच जाणवणार नाही. तो 'हं' म्हणाला आणि थोड्या वेळानं तेच पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच, त्याच शब्दांत सांगितलं. मुलं एक प्रश्न दहादा विचारतात, ते उत्तर दरवेळी तेच येतंय ना, हे तपासायला. उत्तर बदललं की ती घाबरतात.

मग अण्णांना घरी आणलं तेव्हा दर्शनाचा प्रश्न. आम्हाला 1984 मध्ये आजी दाखवलीच नव्हती. या वेळी दोघांना विचारलं, बघायचं का, आणि नाही म्हटलं तरी चालेल असं स्पष्ट सांगितलं. आत जाण्याआधी ताईनं सगळं वर्णन केलं: आजोबा खाली जमिनीवर असतील, डोळे मिटलेले असतील, नाकात कापूस असेल, तोंडात तुळशीचं पान असेल. हात लावला तर गार लागेल. झोपल्यासारखे दिसतील, पण ते झोपलेले नाहीत. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, नाहीतर चार वर्षांचं मूल त्या रात्रीपासून झोपायला भितं. मोठी माणसं रडत असतील, जोरानंही रडतील, त्यांना आजोबांची आठवण येतेय म्हणून. मुलगा गेला, पायांवर झेंडूची फुलं ठेवून आला. मुलगी उंबऱ्यातून बघून म्हणाली, 'मला नको.' तिला कुणी ओढलं नाही. माझं काम त्या दिवशी एवढंच होतं की दोघांपैकी कुणाला बाहेर जायचं झालं तर उठून त्याच्याबरोबर जायचं. असं एक माणूस ठेवावंच लागतं, ज्याला रडायची घाई नाही. आई-बापांना त्या दिवशी ते जमेलच असं नाही.

स्मशानात मुलगा गेला नाही, तशी आमच्याकडे रीतही नाही. पण तिसऱ्या दिवशी अस्थी आल्यावर त्याला नदीवर यायचं होतं. त्या पावसाळ्यात कृष्णेनं सांगलीपर्यंत थैमान घातलं होतं आणि वाईतही पाणी मोठं होतं. म्हणून वरच्या पायरीवरच सगळं केलं आणि त्यानं बापाचा हात धरूनच ओंजळ सोडली. घरी येताना त्यानं विचारलं, 'एवढंच उरतं?' धाकटा म्हणाला, 'शरीराचं एवढंच.' बाकीचं त्या वयात त्यानं विचारलं नाही आणि धाकट्यानंही पुढे वाढवलं नाही.

खरी कसोटी लागली ती दहाव्याला. घाटावर पिंड ठेवला, कावळा शिवेना, कुणीतरी म्हणालं, 'अण्णांची नातवंडांत वासना अडकलीय.' ते वाक्य मुलीच्या कानावर पडलं. घरी आल्यावर तिनं गॅलरीचं दार उघडून ठेवलं आणि पावसानं भिजलेल्या कावळ्याला पोळी दाखवत बसली. कावळा म्हणजे आजोबा, असा तिचा अर्थ झाला होता. पस्तीस वर्षांपूर्वीच्या देवघराच्या पडद्यासारखंच हे. तिच्या आईनं जवळ बसून सांगितलं, 'कावळा हा कावळाच आहे, सोनू. आजोबा कावळा झालेले नाहीत. आजोबांची आठवण म्हणून आपण त्याला घास देतो.' पोळी दे, देऊ नको असं काही म्हणाली नाही. नंतर पंधरवड्यात पितृपक्ष लागला आणि सगळ्या गच्च्यांवर कावळ्यांना वाढलेलं दिसू लागलं, तेव्हा तिनं शेजारच्या पोराला हेच वाक्य पुन्हा सांगितलं.

गणपतीचंही तसंच. त्या वर्षी चतुर्थी 2 सप्टेंबरला होती आणि घर सुतकात. आठ वर्षांच्या मुलानं मखर आधीच करून ठेवलं होतं. तो रागानं म्हणाला, 'आजोबांना आत्ताच मरायचं होतं का?' घरात एक क्षण शांतता पसरली. माई म्हणाल्या, 'मलाही अस्संच वाटतंय रे बाळा.' त्यांनी त्याला जवळ घेतलं, आणि दोघं मिळून रडले. त्या दिवसांत त्या मुलाला सगळ्यांत जास्त कशाचा आधार मिळाला असेल तर तो माईंच्या त्या एका वाक्याचा. मुलं राग धरतात तो दुःखाचाच एक भाग असतो. तो गैर आहे असं म्हटलं की ती तो गिळतात, मग पोटात दुखतं. तेरावा झाल्यावर अनंत चतुर्दशीच्या आधी एक दिवस दादानं दोघांना गावातले सार्वजनिक गणपती दाखवून आणले. मखर गुंडाळून माळ्यावर गेलं.

शाळेत मुलाला चौथ्या दिवशीच पाठवलं. तेरा दिवस घरी ठेवणं म्हणजे त्याला दिवसभर रडणाऱ्या पाहुण्यांमध्ये बसवणं. ठरलेल्या वेळी उठणं, डबा, गृहपाठ, रात्री तीच गोष्ट, यांचा मुलांना केवढा आधार असतो हे आपल्या लक्षात येत नाही. पाठवण्याआधी त्याच्या वर्गशिक्षिकांना फोन करून घडलेलं सांगितलं, आणि वर्गात रडू आलं तर कुणापाशी जायचं ते ठरवून त्यालाही सांगितलं. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही नव्हतं. ते दुखणं खोटं नव्हतं, फक्त पोटाचं नव्हतं.

चार वर्षांची मुलगी दुसऱ्या आठवड्यात अंथरूण ओलं करू लागली. सुटलेली बाटली पुन्हा मागू लागली, आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी रडायची. घरात जुन्या माणसांनी दृष्ट काढली, ती काढू दिली. पण रागावायचं नाही, चादर बदलायची, आणि 'मी तुला सोडून कुठे जात नाही, दूध आणायला जातेय, पाच मिनिटांत येते' असं सांगून जायचं, हे तिच्या आईनं सोडलं नाही. बाहुलीला पाटावर निजवून, दुपटं पांघरून, तिला उचलून नेऊन 'आजोबा मेले' असा खेळ ती खेळायची. हे पाहून आमच्या आत्यानं कपाळाला हात लावला. ताईनं तिला थांबवू दिलं नाही. पोरं जे पाहतात ते खेळून समजून घेतात, लग्न खेळतात तसंच हेही. फक्त त्या खेळात बाहुली उठून बसली की मुलीची आई शेजारून शांतपणे विचारायची, 'मेलेलं माणूस उठतं का गं?' कधी ती 'नाही' म्हणायची, कधी 'हो, माझ्या बाहुलीचं उठतं.' दोन्ही उत्तरं चालायची.

आणि मग तो प्रश्न, जो येणारच असतो. एका रात्री मुलानं बापाला विचारलं, 'तू पण मरणार?' धाकटा म्हणाला, 'प्रत्येक माणूस कधीतरी मरतो. पण मी आत्ता धडधाकट आहे, आणि बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात. तू मोठा होईपर्यंत मी तुझ्याजवळ राहीन असं मला वाटतं.' 'आणि नाही राहिलास तर?' तेव्हा त्यानं नावं घेऊन सांगितलं: आई आहे, आत्या आहे, दादाकाका आहे, माईआजी आहे. 'मी कधीच मरणार नाही' असं तो म्हणाला नाही. तसं म्हणालं की मुलाला क्षणभर बरं वाटतं, पण शेजारचं कुणी अवेळी गेलं की त्या शब्दावरचा विश्वास उडतो. मुलाला खरं तर एवढंच जाणून घ्यायचं असतं की माझ्याकडे कोण बघेल.

या सगळ्यात ताईची नजर काही ठरावीक गोष्टींवर होती. पोटदुखी, ओलं अंथरूण, चिकटून राहणं हे काही आठवड्यांत हळूहळू कमी होत गेलं तर काळजी नको. पण दिवस जातील तसं ते वाढत गेलं, मूल जेवेना, मित्रांत जाईना, रात्री झोपेना, शाळेचं नावच काढू देईना, तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठायचा. आणि 'मला आजोबांकडे जायचंय, मला पण मरायचंय' असं मूल म्हणालं तर एक दिवसही थांबायचं नाही. लहान मुलाला बऱ्याचदा फक्त भेटायचं असतं, पण तसंच असेल असं घरच्या घरी ठरवायचं नाही. मोठ्या मुलांबद्दल ती आणखी एक सांगते: जे मूल अजिबात रडत नाही, सगळ्यांची कामं करतं, धाकट्यांना सांभाळतं आणि ज्याचं सगळे कौतुक करतात, त्याच्याजवळ जाऊन बसा. हे सांगताना ती कुणाबद्दल बोलतेय, हे आम्हा पाचही जणांना माहीत असतं.

चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीत एक गोष्ट आम्ही कुणीच धरून चाललो नव्हतो, ताईखेरीज. सहा महिन्यांत ती सावरली, आजोबांचं नाव हसत-खेळत घेऊ लागली. मग ती सात वर्षांची झाली. दिवाळीला आम्ही सगळे वाईत होतो. फराळ करताना कुणीतरी अण्णांची चकली खाण्याची पद्धत करून दाखवली, सगळे हसलो, आणि ती अचानक ताटावरून उठून आतल्या खोलीत गेली. मी मागून गेले तर उशीत तोंड खुपसून रडत होती. 'आत्या, ते खरंच कधीच येणार नाहीत ना? कध्धीच?' चौथ्या वर्षी जे ऐकलं होतं, ते सातव्या वर्षी तिला समजलं होतं. तिच्यासाठी आजोबा आत्ता मेले होते. असं होतं, ताई म्हणाली, मूल वाढतं तसं ते दुःख पुन्हा नव्यानं कळतं. अशा वेळी 'अगं, त्याला किती वर्षं झाली' असं म्हणायचं नाही, नव्यानं सांगायला बसायचं.

धाकटा येऊन तिच्याशेजारी बसला आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं: दवाखाना, पहाटेचा फोन, फुप्फुसं, नदीवरची ओंजळ. या वेळी तिचे प्रश्न वेगळे होते. आजोबांच्या जवळ तेव्हा कोण होतं? त्यांना कळलं होतं का? ते माझं नाव घेत होते का? त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यानं सांगितलं. दवाखान्यातून एकदा अण्णांनी फोनवर तिच्याशी बोलायचा हट्ट धरला होता, तेही सांगितलं. मग तिनं डोळे पुसत विचारलं, 'आणि मी काय करत होते त्या दिवशी?' एव्हाना आम्ही सगळेच त्या खोलीत जमलो होतो. मी म्हणाले, तू खिचडी मागितलीस. तिचा भाऊ म्हणाला, नाही, आधी ती माझी मोटार घेऊन पळाली. माई म्हणाल्या, दोन्ही केलंस, पण दुपारी माझ्या मांडीवर येऊन बसलीस आणि उठलीच नाहीस, ते कुणी सांगत नाही. यावर दादा आणि ताईचं काही वेगळंच म्हणणं निघालं, आणि त्या रात्री फराळाची ताटं बराच वेळ तशीच राहिली.